लेखक पानाचं शीर्षक आणि वर्णन: आरोग्य किंवा पैशांवर लिहिणाऱ्याने आपला अनुभव दोन ओळींत कसा सांगावा

इन्सुलिनबद्दलचा लेख अर्धा वाचून झाला की सावध वाचक थांबतो, वर जाऊन लेखकाचं नाव बघतो आणि ते गूगलमध्ये टाकून शोधतो. समोर बरेचदा असं काहीतरी येतं: `admin, Author at` आणि पुढे साइटचं नाव. त्याखाली वर्णनाच्या जागी भलत्याच लेखातलं अर्धं तुटलेलं वाक्य. वाचक परत जातो तो त्या लेखाकडे नाही, दुसऱ्या साइटकडे.

ही दोन ओळींची जागा, म्हणजे टायटल टॅग आणि मेटा डिस्क्रिप्शन, लेखक पानासाठी आणि ‘आमच्याविषयी’ पानासाठी कशी लिहायची ते इथे सांगतो. उदाहरण एकच घेतो आणि ते शेवटपर्यंत नेतो. टाइप १ मधुमेह असलेली एक लेखिका. निदान २००९ मध्ये, २०१८ पासून इन्सुलिन पंप, डॉक्टर नाही. हे उदाहरण मुद्दाम निवडलं. डॉक्टर असलेल्या लेखकाचं शीर्षक लिहायला अक्कल लागत नाही, पदवी लिहिली की झालं. खरी पंचाईत होते ती पदवी नसलेल्या पण भोगून शिकलेल्या माणसाची.

आधी कशाचा उपयोग होतो आणि कशाचा नाही

शोध निकालांचा दर्जा माणसांकडून तपासून घेण्यासाठी गूगलची एक मार्गदर्शिका आहे, सर्च क्वालिटी रेटर गाइडलाइन्स. तिच्यात डिसेंबर २०२२ मध्ये आधीच्या तीन निकषांना ‘अनुभव’ हा चौथा जोडला गेला. आरोग्य आणि पैशांसारख्या, चुकलं तर माणसाचं खरंच नुकसान होईल अशा विषयांना तिथे जास्त कडक मोजमाप आहे. पण हे तपासणारे लोक एखाद्या पानाची क्रमवारी थेट वर-खाली करत नाहीत. मेटा डिस्क्रिप्शनही क्रमवारीचा निकष नाही, हे गूगलने स्वतः सांगितलेलं आहे. म्हणून वर्णनात ‘अनुभवी’, ‘विश्वासार्ह’ असे शब्द पेरले की साइट वर येईल, ही आशा सोडा. या दोन ओळी वाचतो तो माणूस, आणि तोही शंका घेऊन आलेला.

कधीकाळी निकालात लेखकाचा फोटो दिसायचा. गूगलने ती सोय २०१४ मध्ये बंद केली. तेव्हापासून निकालाच्या यादीत लेखकाची ओळख पटवायला मुख्यतः या दोन ओळीच उरल्या.

पायरी १: तुमचं ज्ञान कुठून आलं ते ठरवा

शीर्षक लिहायला बसण्याआधी कागदावर एका प्रश्नाचं उत्तर लिहा: मला हे कसं माहीत? उत्तरं तीनच निघतात. मी यातून गेलोय. मी याचं शिक्षण घेतलंय आणि हे काम करतो. किंवा मी वाचून, लोकांशी बोलून गोळा केलंय. तिन्ही चालतात, पण एकाचा वेष दुसऱ्याने घातलेला चालत नाही.

त्या मार्गदर्शिकेत हा फरक करांच्या उदाहरणातून छान दाखवलाय. कराचा फॉर्म भरताना आलेल्या वैतागावर कुणी विनोदी व्हिडिओ केला तर त्याला स्वतःचा अनुभव पुरतो. फॉर्म कसा भरायचा हे शिकवायचं असेल तर मात्र जाणकारी लागते. आपल्या लेखिकेला हेच लावून बघा. पंप लावून प्रवास कसा केला, रात्री साखर उतरली तेव्हा काय वाटलं, ऑफिसात कुणाला काय सांगितलं, हे तिच्याइतकं चांगलं डॉक्टरही सांगू शकणार नाही. पण इन्सुलिनची मात्रा किती वाढवावी हे तिने सांगायचं नाही. शीर्षक आणि वर्णन मिळून ही रेष वाचकाला दिसली पाहिजे.

ही रेष मी एकदा पुसली होती. एका रुग्ण-लेखिकेचं पान करताना तिला ‘मधुमेह तज्ज्ञ’ लिहिलं. हेतू वाईट नव्हता, शब्द शीर्षकात शोभत होता इतकंच. आठवड्याभरात एका वाचकाचं पत्र आलं. त्यात एकच ओळ होती: डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक कुठे मिळेल? उत्तर द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. शीर्षक त्याच दिवशी बदललं, पण वाचक गेला तो गेलाच. लेखकाबद्दल खोटी किंवा फसवी माहिती देणं हे गूगलच्या मार्गदर्शिकेत सर्वांत खालच्या दर्जाचं लक्षण मानलंय. ‘तज्ज्ञ’ हा शब्द म्हणूनच जपून. ज्याच्या मागे परवाना, पदवी किंवा नोंदणी दाखवता येते त्यानेच तो वापरावा.

पायरी २: तपासता येतील अशा चार गोष्टी लिहून काढा

लेखिकेला मी चार प्रश्न विचारतो. कधीपासून? नेमकं काय? काय वापरलंत, केलंत? आणि काय तुमच्या आवाक्याबाहेर आहे? तिची उत्तरं: २००९ मध्ये निदान. टाइप १ मधुमेह. आधी दिवसातून अनेक इंजेक्शनं, २०१८ पासून पंप. औषधं आणि मात्रा यावर स्वतः सल्ला देत नाही, तो विषय आलेले लेख मधुमेहतज्ज्ञ डॉक्टर तपासतात.

यात एक बारीक गोष्ट आहे. ‘१५ वर्षांचा अनुभव’ असं लिहू नका, ‘२००९ पासून’ असं लिहा. वर्षांची बेरीज दर वर्षी शिळी होते आणि ती बदलायची कुणालाच आठवण राहत नाही. मग लेखक पानावर १५, लेखाखाली १२, आणि समाजमाध्यमांवर १७, असा तमाशा होतो. नाव शोधणारा वाचक नेमक्या याच विसंगती बघत असतो. सुरुवातीचं वर्ष मात्र कायम तेच राहतं.

पैशांवर लिहिणाऱ्यालाही हेच चार प्रश्न. ‘आर्थिक सल्लागार’ हा मोघम शब्द टाकण्यापेक्षा ‘अमुक वर्षी गृहकर्ज घेतलं, अमुक वर्षी मुदतीआधी फेडलं, सल्ला देण्याचा परवाना नाही’ हे जास्त वजनदार वाटतं.

पायरी ३: आधी पानावरचा मजकूर, मग शीर्षक

नवखे लोक इथे उलटं करतात. आधी सुबक डिस्क्रिप्शन लिहितात आणि पानावर एका ओळीचा परिचय ठेवतात. गूगल तुमचं डिस्क्रिप्शन वापरेलच असं नाही. शोधलेल्या शब्दांना पानावरचं एखादं वाक्य जास्त जुळत असेल तर ते वाक्यच निकालात दाखवतं. म्हणून पानावरच्या परिचयाचा पहिला परिच्छेद असा लिहा की त्यातला कुठलाही तुकडा उचलला तरी तो एकटा उभा राहील. ‘लहानपणापासून लेखनाची आवड’ हे पहिलं वाक्य असेल तर तेच तुमच्या नावाखाली झळकू शकतं.

लेखक पानावर खाली लेखांची यादी असते आणि प्रत्येक लेखाच्या दोन-दोन ओळी. बरेचदा गूगल त्याच ओळी उचलतं. लेखिकेच्या नावाखाली ‘साखर ४० पर्यंत उतरली तेव्हा मला काहीच…’ असं वाक्य आलं तर वाचकाला कळणार काय? असं होत असेल तर त्या यादीच्या `div` ला `data-nosnippet` लावा. गूगल तो भाग वर्णनासाठी उचलत नाही. लेखांची नावं आणि दुवे मात्र नेहमीसारखेच राहतात.

पायरी ४: शीर्षक

शीर्षकात नाव सर्वांत आधी, कारण वाचकाने नावच शोधलेलं असतं. त्यानंतर अनुभवाचा एक तुकडा, शेवटी साइटचं नाव. एवढंच.

```html
<title>नाव आडनाव – २००९ पासून टाइप १ मधुमेहासोबत | साइटचं नाव</title>
<meta name="description" content="२००९ मध्ये निदान, २०१८ पासून इन्सुलिन पंप. नोकरी, प्रवास आणि रात्री उतरणारी साखर यांबद्दल स्वतःचे अनुभव. मी डॉक्टर नाही; मात्रेबद्दलचे लेख मधुमेहतज्ज्ञ डॉक्टर तपासतात.">
```

याआधीचे दोन मसुदे मी फेकले. पहिला होता ‘नाव आडनाव – मधुमेह लेखिका, ब्लॉगर, वक्त्या, प्रेरणादायी व्यक्तिमत्त्व’. यात तपासता येईल असं काहीच नाही आणि ‘प्रेरणादायी’ हे स्वतःबद्दल स्वतःच लिहायचं नसतं. दुसरा होता ‘टाइप १ मधुमेह माहिती, उपचार, आहार – नाव आडनाव’. हे शीर्षक लेखाच्या पानाचं झालं. लेखक पान उपचारांची माहिती देत नाही, मग तसं म्हणायचं कशाला? शिवाय तिच्याच साइटवरचे उपचारांचे लेख याच शब्दांवर लढत असतील.

शीर्षक लांब झालं की निकालात कापलं जातं, आणि ते अक्षरं मोजून नाही तर पिक्सेलच्या रुंदीवर. डेस्कटॉपवर साधारण ६०० पिक्सेल हा अंदाज धरतात. मराठीत इथे एक गंमत आहे. ‘स्त्री’ डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण संगणकाला ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ई अशी सहा चिन्हं वाटतात. अक्षरं मोजणारी साधनं अशा जोडाक्षरांवर उगाच लाल दिवा दाखवतात आणि लोक घाबरून चांगलं शीर्षक छाटतात. साधन काय म्हणतं त्यापेक्षा मोबाइलवर काय दिसतं ते बघा, आणि कापलं गेलंच तर साइटचं नाव कापलं जाईल अशी रचना ठेवा.

आता शीर्षक आणि पानावरचं मोठं मथळ्याचं नाव, म्हणजे `h1`, एकमेकांशी जुळू द्या. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने निकालातली शीर्षकं बनवायची पद्धत बदलली. मजकुराशी न जुळणारं, अर्धवट किंवा शब्द कोंबलेलं शीर्षक असेल तर गूगल `h1` किंवा पानावरचा दुसरा मजकूर घेऊन स्वतःचं शीर्षक बनवतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी सांगितलं की साधारण ८७ टक्के वेळा टायटल टॅगच वापरला जातो. उरलेल्या वाट्यात आपण जाऊ नये, इतकंच बघायचं. `h1` मध्ये नुसतं ‘माझ्याबद्दल’ असेल आणि टायटलमध्ये वरचं वाक्य, तर निकालात ‘माझ्याबद्दल’ दिसण्याची पाळी येऊ शकते.

पायरी ५: वर्णन

वरच्या वर्णनात तीन भाग आहेत. पहिलं वाक्य काळ आणि वस्तुस्थिती सांगतं. दुसरं सांगतं की लेखिका कशाबद्दल लिहिते. तिसरं तिची मर्यादा सांगतं, आणि माझ्या मते सगळं वजन तिसऱ्यात आहे. ‘मी डॉक्टर नाही’ लिहिलं की वाचक पळेल, अशी भीती लेखिकेने बोलून दाखवली होती. माझा अनुभव उलटा आहे. नाव शोधणाऱ्याच्या मनात आधीच तोच प्रश्न असतो. तुम्ही आपण होऊन उत्तर दिलंत तर तो पुढचं वाचतो.

पण तिसरं वाक्य खरं असलं पाहिजे. ‘डॉक्टर तपासतात’ लिहिलंत तर त्या लेखांवर तपासणाऱ्याचं नाव, तपासल्याची तारीख आणि त्याच्या स्वतंत्र पानाचा दुवा हवा. स्कीमामध्ये, म्हणजे शोधयंत्राला पान समजावं म्हणून कोडमध्ये दिलेल्या माहितीत, त्यासाठी `reviewedBy` आणि `lastReviewed` आहेत, पण त्याआधी ते माणसाला डोळ्यांनी दिसू द्या. तपासणारा कुणी नसेल तर वाक्य बदला: ‘मात्रा आणि औषधांवर मी लिहित नाही.’ हेही पुरेसं आहे.

वर्णनाला ठरलेली लांबी नाही. निकालात जागेप्रमाणे ते कापलं जातं, मोबाइलवर लवकर. म्हणून निदानाचं वर्ष आणि पंप पहिल्या वाक्यात घेतले, शेवटी नाही.

पायरी ६: ‘आमच्याविषयी’ पान वेगळं ठेवा

लेखक पान एका माणसाबद्दल असतं, ‘आमच्याविषयी’ पान जबाबदारीबद्दल. ही साइट कुणाची, कोण लिहितं, कोण तपासतं, पैसा कुठून येतो. समजा आपल्या लेखिकेसोबत तसेच आणखी दोघे लिहितात. तर शीर्षक:

```html
<title>आमच्याविषयी: टाइप १ मधुमेह असलेल्या तिघांची साइट | साइटचं नाव</title>
<meta name="description" content="आम्ही तिघे टाइप १ मधुमेहासोबत जगतो आणि त्याबद्दल लिहितो. मात्रेबद्दलचे लेख डॉक्टर तपासतात. साइटचा खर्च जाहिरातींतून निघतो; पंप कंपन्यांकडून पैसे घेत नाही.">
```

जाहिरातींचं वाक्य वर्णनात कशाला, असं वाटेल. आरोग्य आणि पैशांच्या विषयात वाचकाची पहिली शंका तीच असते: हे मला काही विकताहेत का? पैशांच्या साइटवर तर हे वाक्य सर्वांत आधी घ्या. कर्जाच्या किंवा कार्डाच्या दुव्यावरून कमिशन मिळत असेल तर तसंच लिहा. ‘पैसे घेत नाही’ हे खरं असेल तरच लिहायचं, हे वेगळं सांगायला नको.

साइट एकट्याची असेल तर दोन पानांवर तेच ते लिहिण्यात अर्थ नाही. एकच ‘माझ्याविषयी’ पान भक्कम करा, लेखांवरच्या नावाचा दुवा तिथे न्या आणि लेखकाची आपोआप बनणारी यादी बंद करा. गूगलचं `ProfilePage` हे स्कीमा लेखक पानाला चालतं आणि ‘माझ्याविषयी’ पानालाही.

पायरी ७: वर्डप्रेसमध्ये कुठे काय

Users मध्ये Profile उघडा. आधी `Display name publicly as` मध्ये खरं नाव निवडा; `admin` इथूनच येतं. परिचय `Biographical Info` मध्ये. योस्ट हे एसइओचं प्लगइन असेल तर त्याच पानावर खाली `Title to use for Author page` आणि `Meta description to use for Author page` अशा दोन चौकटी दिसतात. त्या रिकाम्या ठेवल्या की योस्ट आपला ठरलेला `%%name%%, Author at %%sitename%%` साचा वापरतं. मराठी साइटवर इंग्रजी शीर्षक दिसतं ते त्यामुळे.

नाव बदललं तरी पत्त्यात `/author/admin` तसंच राहतं, कारण पत्ता लॉगिनच्या नावावरून बनलेला असतो. तो बदलायला वेगळं प्लगइन लागतं. बदललात तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट द्या.

पायरी ८: लागलं का ते बघा

गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता टाकून URL Inspection करा आणि Request Indexing दाबा. निकाल बदलायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. मग खाजगी विंडोमध्ये तीन गोष्टी शोधा: लेखिकेचं पूर्ण नाव, नाव आणि ‘मधुमेह’, नाव आणि ‘डॉक्टर’. तिसरा शोध विसरू नका, शंका घेणारा वाचक हाच करतो. तिन्ही वेळा वेगळं वर्णन दिसू शकतं. ‘डॉक्टर’ शोधल्यावर ‘मी डॉक्टर नाही’ हे वाक्य वर आलं तर काम झालं. त्याऐवजी ‘माझ्या डॉक्टर म्हणाल्या’ असं लेखाच्या यादीतलं वाक्य आलं तर पायरी ३ मधलं `data-nosnippet` राहून गेलंय.

शीर्षक बदलून दिसत असेल तर निकालातले शब्द पानावर शोधा. ते बहुधा `h1` मध्ये किंवा दुसऱ्या पानावरून येणाऱ्या दुव्याच्या मजकुरात सापडतात. दुरुस्ती तिथे करायची, टायटलमध्ये नाही.

आपल्या लेखिकेने पुढे पंप सोडून पुन्हा इंजेक्शनं घ्यायला सुरुवात केली तर ‘२०१८ पासून इन्सुलिन पंप’ हे ‘२०१८ ते अमुक पंप, आता इंजेक्शनं’ असं होईल. वर्णनात, परिचयात आणि लेखांखालच्या छोट्या ओळीत, तिन्ही ठिकाणी, एकाच दिवशी.